‘हू’ की ‘हूम’? छोट्या इंग्रजी प्रश्नांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसात इंग्रजी मेल लिहिणारे, दहावी-बारावीच्या मुलांचे पालक आणि परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलणारे लोक जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मोठ्यानं वाचून पाहा. या विषयात निम्मा निर्णय कानच देतो.

१. ‘हू’ आणि ‘हूम’ यांत नेमका फरक काय?

व्याकरणाच्या पुस्तकातला नियम सोपा आहे. वाक्यातली क्रिया करणाऱ्याबद्दल विचारायचं असेल तर ‘हू’. क्रिया ज्याच्यावर होते त्याच्याबद्दल, किंवा टू, विथ, फॉर, फ्रॉम अशा शब्दांशी जोडलेल्या माणसाबद्दल विचारायचं असेल तर ‘हूम’. ‘हू कॉल्ड यू?’ म्हणजे तुला कोणी फोन केला? ‘हूम डिड यू कॉल?’ म्हणजे तू कोणाला फोन केलास?

घोळ होतो तो पुढे. रोजच्या इंग्रजीत दुसरा प्रश्नही ‘हू डिड यू कॉल?’ असाच विचारतात, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही तसंच बोलतात. त्यामुळे दरवेळी दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. या जागी ‘हूम’ व्याकरणात बसतो का, ही पहिली. बसत असेल तर इथे तो शोभतो का, ही दुसरी. पहिलीचं उत्तर ‘नाही’ असेल तर दुसरीकडे वळायचंच नाही.

२. बसतो की नाही हे पटकन कसं ओळखायचं?

प्रश्नाचं उत्तर मनात पूर्ण वाक्यात द्या आणि त्यात ‘ही’ येतो की ‘हिम’ ते पाहा. ‘हिम’ आला तर ‘हूम’ बसतो. दोन्हींच्या शेवटी ‘म’ आहे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. अनेक माणसं असतील तर ‘देम’, त्यालाही शेवटी ‘म’. बाईबद्दलचा प्रश्न असला तरी पडताळा ‘हिम’नंच घ्या, कारण ‘हर’ ऐकून काही उमगत नाही.

दुसरी खूण प्रश्नाच्या रचनेतच असते. ‘हू’नंतर लगेच डू, डझ किंवा डिड आणि त्यापुढे दुसराच कोणी कर्ता (यू, दे, युवर बॉस) आला, तर बहुतेक वेळा ‘हूम’ची जागा आहे. ‘हू हेल्प्ड?’ यात डिड नाही, दुसरा कर्ताही नाही. ‘हू डिड यू हेल्प?’ यात दोन्ही आहेत. ‘हू विल हेल्प?’ आणि ‘हू विल यू हेल्प?’ यांतही तोच फरक.

इज, आर, वॉज मात्र या खुणेत धरू नका. ‘हू इज शी?’ यात पुढे ‘शी’ दिसते म्हणून कोणी ‘हूम इज शी?’ लिहितं, ते चूकच. नुसती ओळख विचारणाऱ्या प्रश्नात ‘हूम’ला जागा नाही. आणि ‘डू यू थिंक’ आलं की ही खूण सपशेल फसते. ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. मराठीत ‘कोणाला’ येतं तिथे ‘हूम’ लावलं तर चालेल ना?

नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, आणि त्या मराठी माणसाच्या खास चुका आहेत.

‘कोणाला चहा हवाय?’ हे इंग्रजीत ‘हू वॉन्ट्स टी?’ होतं. ‘कोणाला माहीत आहे?’ म्हणजे ‘हू नोज?’ ‘कोणाला बक्षीस मिळालं?’ म्हणजे ‘हू गॉट द प्राइझ?’ ‘कोणाला मराठी येतं?’ म्हणजे ‘हू स्पीक्स मराठी?’ चारही ठिकाणी मराठीत ‘कोणाला’ आहे आणि चारही ठिकाणी ‘हूम’ साफ चूक आहे. हवं असणं, माहीत असणं, मिळणं, येणं, आवडणं, भूक लागणं अशा क्रियापदांत आपण माणसाला ‘ला’ लावतो. इंग्रजी त्याच माणसाला सरळ कर्ता करते: ‘ही वॉन्ट्स टी’, ‘ही नोज’.

उलट, ‘तू कोणाला बोलावलंस?’, ‘त्यांनी कोणाला निवडलं?’ यांत ‘ला’ खरोखरच कर्माचा आहे. तिथे ‘हूम’ बसतो. दोन्हीकडे प्रत्यय एकच, म्हणून तो पाहून काहीच ठरवता येत नाही.

बाकीच्या विभक्तींचाही भरवसा नको. ‘तू कोणाशी लग्न करतेयस?’ यात ‘शी’ आहे म्हणून ‘विथ’ घालायचा मोह होतो, पण इंग्रजीत ‘हू आर यू मॅरिइंग?’ एवढंच. ‘कोणाची वाट बघतोयस?’ यात मराठीत षष्ठी, तर इंग्रजीत ‘फॉर’: ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ तेव्हा आधी वाक्य इंग्रजीत जुळवा आणि ‘हिम’चा पडताळा मग त्या इंग्रजी वाक्यावर करा.

४. मग ‘हू डिड यू मीट?’ हे नक्की चूक की बरोबर?

बोलण्यात, चॅटवर आणि साध्या मेलमध्ये बरोबर. अगदी औपचारिक लेखनात ‘हूम डिड यू मीट?’ अजून अपेक्षित असतं.

‘आजकाल इंग्रजी बिघडलं’ अशी तक्रार या निमित्तानं हमखास ऐकू येते. ती पटत नाही, कारण ही सवय आजकालची नाहीच. ‘हॅम्लेट’मध्ये पोलोनियस विचारतो, ‘व्हॉट इज द मॅटर, माय लॉर्ड?’ त्याला विचारायचं असतं की आपण वाचताय त्यातला विषय काय. हॅम्लेट मुद्दाम ‘मॅटर’चा अर्थ भांडण असा घेतो आणि उलट विचारतो, ‘बिट्वीन हू?’ १६२३च्या छापील आवृत्तीतही ‘हू’च आहे. ‘बिट्वीन’सारख्या शब्दाच्या लगेच पुढे, जिथे आजचा मास्तर लाल शाई घेऊन उभा राहील, तिथे शेक्सपिअरचा राजपुत्र बिनदिक्कत ‘हू’ म्हणतो.

असं का होतं, याचं चांगलं उत्तर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी १९२१ साली दिलं. हिम, देम, मी ही कर्माची रूपं क्रियापदाच्या नंतर येतात. ‘हूम’ला मात्र प्रश्नात सगळ्यांच्या पुढे, म्हणजे एरवी कर्ता बसतो त्या जागी उभं राहावं लागतं. शिवाय व्हॉट, विच, व्हेन, व्हेअर हे बाकीचे प्रश्नार्थक शब्द रूप बदलतच नाहीत. ‘हूम’ असा दोन्हीकडून एकटा पडतो आणि वाक्याच्या सुरुवातीला तो कानाला खटकतो. सपीर यांनी भाकीतही केलं होतं की दोनेकशे वर्षांत अगदी विद्वान कायदेपंडितसुद्धा ‘हूम डिड यू सी?’ म्हणणार नाही. त्यातली निम्मी मुदत उलटून गेली. कायदेपंडितांनी ‘हूम’ सोडलेला नाही, बाकीच्यांनी बराचसा सोडला आहे.

याच कारणमीमांसेतून पुढचं निघतं: ‘हूम’ वाक्याच्या सुरुवातीला जितका जड वाटतो तितका शेवटी वाटत नाही (प्रश्न ९).

५. ‘टू हूम?’, ‘टू हू?’ की ‘हू टू?’

टू, विथ, फॉर असा शब्द आधी आला तर त्याच्यामागे ‘हूम’. तो शेवटी गेला तर सुरुवातीला ‘हू’. म्हणजे ‘टू हूम डिड यू गिव्ह इट?’ किंवा ‘हू डिड यू गिव्ह इट टू?’ पहिलं औपचारिक, दुसरं रोजचं. वाक्य शब्दयोगी अव्ययानं संपवू नये, हा ऐकीव नियम डोक्यातून काढून टाका. इंग्रजीत तशी वाक्यं सर्रास संपतात.

मैत्रीण लिहिते, ‘आय अ‍ॅम गोइंग टू गोवा.’ त्यावर ब्रिटिश किंवा अमेरिकन मित्र सहज ‘हू विथ?’ असं विचारील. आपल्याकडे त्या जागी ‘विथ हूम?’ जास्त ऐकू येतं. ते चूक नाही आणि आपसात कोणाला खटकतही नाही, पण परदेशी मैत्रिणीला त्यात उलटतपासणीचा वास येऊ शकतो. ‘हू विथ?’ जिभेवर बसत नसेल तर सरळ ‘हू आर यू गोइंग विथ?’ लिहा. ते कुठेही चालतं. ‘हू फॉर?’ आणि ‘हू फ्रॉम?’ हेही याच घराण्यातले, पण प्रत्येक शब्दाचं असं तुटक रूप होत नाही. ‘हू बिट्वीन?’ कोणी म्हणत नाही.

‘टू हू?’ हे लेखनात टाळा. बोलताना, विशेषतः धक्का बसल्यावर, ते येतं (प्रश्न ६).

राहिलं चौथं रूप: ‘हूम आर यू गोइंग विथ?’ व्याकरणात यात काही चूक नाही, पण सुरुवात दरबारी आणि शेवट घरगुती. लग्नपत्रिकेतली भाषा टपरीवर चहा सांगताना वापरल्यासारखं ते वाटतं. हे रूप वापरावं असा प्रसंग मला तरी आठवत नाही.

६. कोणी ‘आय मेट समवन टुडे’ असा मेसेज केला तर उत्तरात ‘हू?’ की ‘हूम?’

‘हू?’ नियमानं ‘यू मेट हिम’, म्हणून ‘हूम?’ बसतो, हे खरं. पण एकट्या शब्दाच्या प्रश्नात ‘हूम?’ लिहिलं की समोरच्याला वाटतं, तुम्ही त्याचं इंग्रजी तपासताय किंवा विनोद करताय. चॅटवर हा धोका घेऊ नका.

ऐकलेलं पुन्हा विचारायचं असेल तेव्हाही ‘हू’च. ‘आय अ‍ॅम मॅरिइंग युवर कझिन.’ ‘यू आर मॅरिइंग हू?’ इथे शब्द कर्माच्याच जागी बसला आहे, तरीही ‘हूम’ घातला की आश्चर्य पार विझून जातं. ‘आय गेव्ह द कीज टू द वॉचमन.’ ‘टू हू?’ हेही तसंच; प्रश्न ५ मधल्या नियमाला एवढी मुभा आहे.

७. शाळेत ‘बाय हूम’ इतकं घोटून घेतात, मग कोणी बोलताना ते वापरत का नाही?

बहुतेक मराठी मुलांची ‘हूम’शी पहिली गाठ प्रयोग बदलण्याच्या धड्यात पडते. ‘हू ब्रोक द विंडो?’ याचं कर्मणी रूप करा: ‘बाय हूम वॉज द विंडो ब्रोकन?’ रूपांतर अचूक आहे. परीक्षेत हेच लिहायचं, आणि ‘बाय हू’ लिहिलं तर गुण जाणार.

पण काच कोणी फोडली हे खरोखर जाणून घ्यायचं असेल तर ‘हू ब्रोक द विंडो?’ हाच प्रश्न नेमका आहे. विचारायचं कर्त्याबद्दल आणि वाक्य मात्र कर्मणी, असा उलटा प्रवास कोणी हौसेनं करत नाही. तो धडा रूपं कशी बदलतात हे शिकवण्यासाठी असतो. गंमत अशी की अनेकांच्या डोक्यात त्यातून ‘हूम म्हणजे चांगलं इंग्रजी’ असं समीकरण बसतं आणि पुढे ऑफिसच्या मेलमध्ये ते बाहेर येतं.

पुस्तक, चित्र, भाषण यांबद्दल ‘बाय’ लागतोच, तिथे ‘हू इज इट बाय?’ असं विचारतात.

८. ‘हूम डू यू थिंक विल कम?’ हे तरी बरोबर आहे ना? डू आहे, यू आहे.

नाही. ही चूक मोठमोठ्या पदांवरच्या लोकांच्या लेखनातही सापडते, आणि ती ‘हूम’ जपायच्या नादातच होते.

‘डू यू थिंक’ हे मध्ये घातलेलं पाचर आहे. ते काढा. उरतं ‘हू विल कम?’ उत्तर ‘ही विल कम’. म्हणून ‘हू डू यू थिंक विल कम?’ एवढंच बरोबर. ‘हूम शॅल आय से इज कॉलिंग?’ हा अदबशीर वाटणारा प्रश्नही असाच फसतो. ‘शॅल आय से’ काढलं की ‘हू इज कॉलिंग?’ उरतं.

पाचर तेच ठेवून पुढचं बदललं की उत्तर बदलतं. ‘डू यू थिंक दे विल सिलेक्ट’ यात दे हा वेगळा कर्ता आहे आणि निवड ‘हिम’ची होते. म्हणून औपचारिक लेखनात ‘हूम डू यू थिंक दे विल सिलेक्ट?’ योग्य, एरवी ‘हू’. पाचराच्या पुढे लगेच क्रियापद आलं तर ‘हू’. आधी कोणी माणूस आला तर ‘हूम’ बसू शकतो.

‘वॉन्ट’ मात्र या रांगेत बसत नाही. ‘हू डू यू वॉन्ट टू कम?’ यातून ‘डू यू वॉन्ट’ काढलं तर काहीच उरत नाही. उत्तर जुळवून पाहा: ‘आय वॉन्ट हिम टू कम’. त्यामुळे इथे नियमानं ‘हूम’ बसतो, जरी येणारा तोच असला तरी.

९. एकाच प्रश्नात दोनदा ‘कोण’ असेल तर?

पहिला ‘हू’, दुसरा ‘हूम’: ‘हू सेड व्हॉट टू हूम?’ हा प्रश्न गप्पांतही असाच विचारतात आणि त्यातला ‘हूम’ जड वाटत नाही, कारण तो शेवटी, ‘टू’च्या मागे, कर्माच्या हक्काच्या जागी बसला आहे. ‘हू हिट हूम?’ यातही दोन माणसं वेगळी दाखवायचं काम ‘हूम’ करतो.

लेनिनच्या नावाशी जोडला गेलेला रशियन राजकारणातला दोन शब्दांचा प्रश्न आहे, ‘क्तो कवो?’, म्हणजे कोण कोणावर मात करणार. इंग्रजीत तो ‘हू, हूम?’ असाच रूढ झाला. क्रियापदच नसल्यामुळे शेवटचा ‘म’ काढला तर अर्थच हरवतो.

१०. ‘हूम ऑल डिड यू इन्व्हाइट?’ असं आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात. बरोबर आहे का?

हा ‘कोणकोणाला’चा इंग्रजी अवतार. ‘हू ऑल आर कमिंग?’ हे भारतीय इंग्रजीत चांगलं रुळलं आहे आणि आपसात वापरायला हरकत नाही. ‘हूम ऑल’ मात्र विचित्र मिश्रण आहे: ‘ऑल’ गप्पांमधला, ‘हूम’ अर्जातला. ‘हू ऑल डिड यू इन्व्हाइट?’ म्हणा. भारताबाहेरच्या माणसाला लिहिताना ‘ऑल’ही गाळा, ‘हू डिड यू इन्व्हाइट?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून पूर्ण यादी देता येते.

११. फोनवर ग्राहकाला ‘विथ हूम अ‍ॅम आय स्पीकिंग?’ विचारणं फार ताठर वाटतं का?

थोडं वाटतं, पण पहिल्याच वाक्यात अदब दाखवायची असेल तर चालून जातं. ‘हू अ‍ॅम आय स्पीकिंग विथ?’ हे जास्त मोकळं आहे आणि त्यात उद्धटपणा अजिबात नाही. उद्धट वाटतं ते ‘हू आर यू?’, किंवा सूर चढवून विचारलेलं ‘हू इज दिस?’ आपल्या ‘कोण बोलतंय?’मध्ये हा कडकपणा नसतो, म्हणून शब्दशः भाषांतर करताना जपा. सगळ्यात सोपी वाट म्हणजे ‘मे आय हॅव युवर नेम, प्लीज?’ त्यात ना ‘हू’, ना ‘हूम’.

१२. ऑफिसच्या मेलमध्ये कुठे काय वापरायचं? एखादं उदाहरण द्याल?

पुण्यातून परदेशी ग्राहकाला जाणाऱ्या मेलचा एक नमुना घेऊ. दोन्ही बाजू एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, मेलची सुरुवात ‘हाय’नं होते. त्यात हे तीन प्रश्न आहेत:

‘फॉर हूम इज दिस रिपोर्ट? हूम शुड वी सेंड द फायनल कॉपी टू? हूम डू यू थिंक विल साइन इट?’

पहिला व्याकरणात बरोबर, पण ‘हाय’नंतर तो एकदम सरकारी वाटतो. ‘हू इज दिस रिपोर्ट फॉर?’ करा. दुसऱ्यात प्रश्न ५ मधलं ते चौथं, अर्धवट रूप आहे. ‘हू शुड वी सेंड द फायनल कॉपी टू?’ तिसरा तर चूकच, प्रश्न ८ प्रमाणे ‘हू डू यू थिंक विल साइन इट?’ म्हणजे तीन ‘हूम’पैकी एक जड, एक बेंगरूळ आणि एक चुकीचा. लिहिणाऱ्याला वाटलं असेल की आपण फार काळजीपूर्वक लिहिलं.

हाच मजकूर निविदेत किंवा वकिलाच्या पत्रात असता तर मी पहिला प्रश्न तसाच ठेवला असता आणि दुसरा ‘टू हूम शुड द फायनल कॉपी बी सेंट?’ असा केला असता. तिसरा तिथेही ‘हू’च राहिला असता.

अंदाज घ्यायचा तर मेलमधली बाकीची वाक्यं पाहा. ‘डोन्ट’, ‘वी आर’ची जोडरूपं, ‘थँक्स’ असे शब्द असतील तर सुरुवातीचा ‘हूम’ त्यांच्यात उपरा वाटणार. आणि दोन्ही रूपं नकोशी वाटत असतील तर प्रश्नच बदला: ‘कुड यू शेअर द नेम ऑफ द पर्सन हँडलिंग दिस?’

१३. सूचनाफलकावर ‘हू टू कॉन्टॅक्ट’ की ‘हूम टू कॉन्टॅक्ट’?

नियमानं ‘हूम’, कारण ‘कॉन्टॅक्ट हिम’. आपल्याकडच्या फलकांवर आणि परिपत्रकांत ‘हूम टू कॉन्टॅक्ट’ रूढ आहे, राहू द्या. अ‍ॅप किंवा वेबसाइटवरच्या मथळ्यासाठी ‘हू’ बरा. ट्विटरनं कोणाला फॉलो करावं हे सुचवणाऱ्या चौकटीवर ‘हू टू फॉलो’ असंच लिहिलं होतं.

१४. दाखल्यावर ‘टू हूम्सोएव्हर इट मे कन्सर्न’ लिहितात. ते बदलून ‘हू’ करावं का?

नको. ठरीव मायना आहे, तो जसाच्या तसा वापरायचा. ‘हूम्सोएव्हर’ हे रूप मुख्यतः आपल्याकडच्या बोनाफाइड आणि अनुभवाच्या दाखल्यांवर दिसतं. इतरत्र ‘टू हूम इट मे कन्सर्न’ जास्त चालतं. परदेशी विद्यापीठाला पाठवताना दुसरं घ्या. नाव माहीत असलेल्या माणसाला पत्र लिहिताना यातलं कोणतंच नको.

१५. म्हणजे ‘हूम’ सगळीकडून काढून टाकला तरी चालेल?

छोट्या प्रश्नांत जवळपास चालेल. प्रश्न ५ मधली ‘टू’ आधी येणारी रचना आणि प्रश्न ९ मधला दुसरा ‘कोण’ एवढे सोडून. विधानांचं तसं नाही. ‘वी इंटरव्ह्यूड टेन पीपल, मोस्ट ऑफ हूम वेअर फ्रॉम नागपूर’ यात ‘हू’ घालता येत नाही, कितीही अनौपचारिक लिहीत असलात तरी. चॅटवर ते जड वाटलं तर वाक्य तोडा: ‘वी इंटरव्ह्यूड टेन पीपल. मोस्ट वेअर फ्रॉम नागपूर.’